संकासुराचा काळा: दशावताराच्या अंधारलेल्या फुटेजच्या नोंदी

३ जानेवारी

ग्रेडिंगसाठी हार्ड डिस्क आली. वेंगुर्ल्याजवळच्या एका देवळाच्या जत्रेतला दशावतार, एका रात्रीचं शूटिंग. आधी आडदशावतार, म्हणजे गणपती, सरस्वती, संकासुर वगैरे, आणि मग पहाटेपर्यंत चाललेलं आख्यान. मुख्य कॅमेरा सोनी ए७एस ३, एस-लॉग३ मध्ये, १० बिट ४:२:२, आयएसओ ६४०. पेटी-पखवाजाच्या बाजूला दुसरा एक जुना कॅमेरा ठेवलेला होता. त्याचं फुटेज ८ बिट ४:२:०, साध्या रेक ७०९ प्रोफाइलमध्ये. लॉग वगैरे काही नाही.

दिग्दर्शिकेचा निरोप फोनवर आला होता तो असा: "दादा, सगळं काळोखात आहे. पण कॅमेरामन म्हणतो, मुद्दाम ठेवलंय, नाहीतर मुकुट जळला असता."

त्याचं म्हणणं चूक नाही. रंगमंचाच्या दोन्ही कोपऱ्यांत एलईडी फ्लड होते आणि गणपतीचा मुकुट बेगडाचा. मुकुट फिरला की एखाद्या बाजूवरून प्रकाश थेट लेन्समध्ये येतो. त्याने मुकुट वाचवला आणि बाकीचं माझ्यावर सोडलं. जळालेली चमक परत मिळत नाही. अंधारातला तपशील बऱ्यापैकी परत मिळतो, पण त्याची किंमत नॉइजमध्ये मोजावी लागते. काय आणि किती मिळेल, ते आधी मोजून बघायचं. डोळ्याने बघून गेन वाढवत बसायचं नाही.

४ जानेवारी

पहिलं काम लेव्हल तपासणं. या कामात लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात आणि नंतर कर्व्हला दोष देतात. कॅमेरामनने सुरुवातीला लेन्सवर झाकण असतानाच काही सेकंद रेकॉर्ड केलं होतं. बहुतेक चुकून, पण माझ्या फार कामाचं. एस-लॉग३ मध्ये पूर्ण काळा ९५ वर बसतो (रिझॉल्व्ह या ग्रेडिंग सॉफ्टवेअरच्या वेव्हफॉर्मची, म्हणजे उजेडाच्या आलेखाची, पट्टी ० ते १०२३). झाकणाची क्लिप लावली, रेघ ९५ च्या आसपास. म्हणजे रिझॉल्व्ह फाइल बरोबर वाचतोय. `Clip Attributes` मध्ये `Data Levels` चुकून `Video` असते तर हाच काळा ३६ च्या आसपास दिसला असता, आणि पुढची सगळी आकडेमोड खोटी ठरली असती.

आता फुटेज किती अंडरएक्सपोज आहे ते. ग्रे कार्ड नाही. पण पखवाजवाल्याचं पांढरं धोतर मुख्य कॅमेऱ्याच्या वाइड शॉटमध्ये दिसतं आणि त्यावर रंगमंचाचाच प्रकाश आहे. नीट एक्सपोज केलेला पांढरा, म्हणजे ९० टक्के प्रकाश परावर्तित करणारा, एस-लॉग३ मध्ये ५९८ वर असायला हवा. मधला १८ टक्क्यांचा ग्रे ४२० वर. धोतर आहे ४४४ वर. एस-लॉग३ चं सूत्र असं:

```
code = 420 + 261.5 * log10((x + 0.01) / 0.19)
```

इथे x म्हणजे प्रकाशाचं प्रमाण, ग्रेसाठी ०.१८. अगदी तळाशी, x ०.०११२५ च्या खाली गेला की, या सूत्राऐवजी सरळ रेघ लागते आणि ती ९५ वर संपते. प्रकाश दुप्पट झाला, म्हणजे एक स्टॉप वाढला, की उजळ भागात कोड साधारण ७९ ने वर जातो. ५९८ वजा ४४४ म्हणजे १५४, जवळजवळ दोन स्टॉप. धोतर धुवट आहे का मळकं, यावर थोडा फरक पडेल, पण दोन स्टॉप हा आकडा हाताशी धरायला पुरेसा आहे.

५ जानेवारी

ज्या गोष्टीसाठी ही वही ठेवली ती आज.

दोन स्टॉप वर न्यायचे तर सोपा मार्ग म्हणजे ऑफसेट: लॉगमध्ये सगळं १५७ ने वर सरकवायचं. लॉगमध्ये बेरीज म्हणजे प्रकाशात गुणाकार, असं सगळीकडे सांगतात. उजळ भागात ते खरंही आहे. खालच्या भागात नाही. सूत्रात तो ०.०१ आहे ना, त्यामुळे अंधाराकडे जाताना स्टॉपमागचं अंतर आक्रसत जातं.

संकासुराचा अंगरखा घेऊन हिशेब केला. तो काळ्या कापडाचा आहे, प्रकाश अगदी कमी परत फेकतो, समजा ४ टक्के. दोन स्टॉप अंडर असल्यामुळे तो ०.०१ वर आलाय. कोड १६३. नीट एक्सपोज केला असता तर २६८ वर असता. म्हणजे खरा फरक १०५ चा. ऑफसेटने मात्र तो ३२० वर जाऊन बसतो. आणि देवळाच्या मागचा पूर्ण अंधार, ज्याला ९५ वरच राहायचं आहे, तो जातो २५२ वर. अंधार अंगरख्यापेक्षा फार खाली राहतच नाही. चित्र दुधाळ होतं ते इथे. मग माणूस काळा परत आणायला लिफ्ट खाली ओढतो, सॅच्युरेशन वाढवतो, आणि अंगरख्याच्या चुण्या गिळल्या जातात.

लिफ्ट आधी वर घेतली तरी तीच गत. लिफ्ट म्हणजे तिन्ही चॅनेलमध्ये जवळजवळ सारखीच रक्कम घालणं. संकासुराच्या जिभेचा लाल म्हणजे लाल चॅनेल हिरव्या-निळ्याच्या कितीतरी पट. तिघांत सारखंच घातलं की ते पट कमी होतात आणि लाल गुलाबी-राखाडीकडे झुकतो. "रंग उडाला" म्हणतात ते हेच. गॅमाने थोडं बरं होतं, पण गॅमा घाताच्या हिशेबाने चालतो. तोही चॅनेलांमधलं अंतर जवळ आणतो.

प्रमाण जसंच्या तसं ठेवायचं तर प्रकाशाला प्रकाश म्हणूनच गुणायचं, म्हणजे लिनियरमध्ये गेन. प्रोजेक्टचं टाइमलाइन कलर स्पेस `S-Gamut3.Cine/S-Log3` केलं. मग एका नोडवर राइट क्लिक करून `Gamma` खाली `Linear` निवडलं. त्या नोडमध्ये गेन २ म्हणजे एक स्टॉप, ४ म्हणजे दोन. टाइमलाइन कलर स्पेस रेक ७०९ राहिलं तर नोड चुकीच्या वक्राने लिनियरमध्ये जातो आणि हे सगळं फोल ठरतं. हा पर्याय सेटिंग्जमध्ये आत दडलेला असल्यामुळे सहसा कोणी बघत नाही.

गेन ४.००. धोतर ५९८ ला आलं. अंगरखा २६८ जवळ. झाकणाची क्लिप त्याच नोडखाली टाकून बघितली, काळा ९५ वरच, फक्त जाड झालेला. जाडी म्हणजे नॉइज, त्याचं उद्या.

एचडीआर पॅलेटमधलं ग्लोबल एक्सपोजरही स्टॉपमध्येच चालतं आणि रोजच्या कामाला तेच सोयीचं. मी लिनियर गेन वापरतोय कारण आकडा सरळ समजतो, आणि प्रत्येक चॅनेलचा गेन वेगळा करून व्हाइट बॅलन्सही त्याच नोडमध्ये नीट करता येतो.

६ जानेवारी

असिस्टंट मुलाने विचारलं, "मग कर्व्ह कशाला? कर्व्हने हेच होत नाही का?"

होतं. त्याला काढून दाखवलं. लॉगवर कस्टम कर्व्ह घेऊन चार बिंदू ठेवले: ९५ तिथेच, १६३ ला २६८ वर, २७९ ला ४२० वर, ४४४ ला ५९८ वर. हा वक्र म्हणजेच दोन स्टॉपचं एक्सपोजर. चित्र जवळजवळ तेच आलं. फक्त हाताने ओढलेल्या वक्राला बिंदूंच्या मध्ये पोट येतं किंवा खळगा पडतो, आणि शॉट बदलला की पुन्हा सगळं ओढावं लागतं. पण त्या आकृतीत एक गोष्ट डोळ्यांना सरळ दिसते. ९५ ते १६३ या ६८ कोडांचे वर १७३ कोड झालेत. म्हणजे तळाशी वक्र अडीच पट खडा आहे. उजळ भागात, ४४४ च्या पुढे, चढ जवळजवळ १ आहे. नॉइज फक्त अंधारात का फुलतो आणि धोतरावर का नाही, याचं उत्तर त्या चढात आहे.

त्यामुळे कर्व्ह एक्सपोजरसाठी नाही, आकारासाठी ठेवलाय. गुणाकार आधी, आकार नंतर.

वाय आणि आरजीबी एकत्र जोडलेलेच ठेवले. फक्त वायचा कर्व्ह वर ओढला की उजेड वाढतो पण रंगाचा फरक तेवढाच राहतो, त्यामुळे चेहरे फिके दिसतात. दशावतारी रंगभूषेत हे फार जाणवतं. गुलाबीसर लावलेला चेहरा आणि त्यावरचं कुंकू यांतलं अंतरच हरवतं.

८ जानेवारी

नॉइज. आयएसओ ६४० वर दोन स्टॉप कमी म्हणजे आयएसओ २५६० वर नीट एक्सपोज केल्यासारखंच आहे, प्रकाश तेवढाच आत आलाय. म्हणजे हाताबाहेर गेलेलं नाही. याच कॅमेऱ्यात एस-लॉग३ ला १२८०० वर दुसरा बेस आहे. तिथे अंधार कदाचित जास्त स्वच्छ मिळाला असता, पण तिथे जायचं तर बाकीच्या स्टॉपांसाठी अ‍ॅपर्चर बंद करावं लागलं असतं किंवा एनडी फिल्टर लावावा लागला असता. जत्रेच्या गर्दीत ते करा म्हणणं घरी खुर्चीत बसून सोपं आहे.

टेम्पोरल नॉइज रिडक्शन सगळ्यात पहिल्या नोडवर, एक्सपोजरच्या आधी. वाढवलेला नॉइज साफ करण्यापेक्षा न वाढलेला साफ करणं सोपं. २ फ्रेम, मोशन एस्टिमेशन `Better`. लुमा आणि क्रोमा यांची जोडी तोडून क्रोमाचा थ्रेशोल्ड जास्त ठेवला. लुमाचा बारीक दाणा चालतो, रात्रीचा वाटतो. निळे-जांभळे ठिपके मात्र अंगरख्यावर किड्यांसारखे वळवळतात.

निळ्या चॅनेलचा नॉइज बाकी दोघांपेक्षा स्पष्ट जास्त. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स पिवळ्या दिव्यांसाठी खाली ठेवलेला होता, म्हणजे निळा चॅनेल कॅमेऱ्यातच वर उचललेला. त्यावर माझे दोन स्टॉप. परेडमध्ये, म्हणजे तिन्ही चॅनेलच्या वेगवेगळ्या वेव्हफॉर्ममध्ये, निळ्याचा तळ जाड, बाकी दोघांचे बारीक.

लुमाचा थ्रेशोल्ड वाढवून बघितला तेव्हा युद्धाच्या प्रवेशात तलवारीमागे शेपूट उमटायला लागली. स्टिल फ्रेमवर कळत नाही. चालवून बघावं लागतं, तेही हाताच्या हालचालीवर, चेहऱ्यावर नाही. आख्यानातल्या लढाईला लुमा कमी आणि संकासुराच्या प्रवेशाला जास्त, असे दोन वेगळे ठेवले.

९ जानेवारी

आज हायलाइट. मूळ फाइलमध्ये मुकुटाची चमक ७०० च्या आसपास आहे. फ्लडचा दिवा फ्रेममध्ये येतो तिथे ९०० च्या जवळ वेव्हफॉर्म चाकूने कापल्यासारखा सपाट. दिवा कॅमेऱ्यातच जळलाय, त्यात शोधायला काही नाही. दिवा जळणारच. मुकुटाचा जीव अजून आहे.

७०० म्हणजे प्रकाशात साधारण २.२. त्याला ४ ने गुणलं की ८.९ च्या घरात. लॉगमध्ये परत आलं की ८५७. अजून पट्टीच्या आत. पण रेक ७०९ मध्ये सरळ, टोन मॅपिंगशिवाय नेलं तर १ च्या वरचं सगळं कापलं जातं, आणि ८.९ म्हणजे तीन स्टॉप वर. मुकुटाच्या जागी पांढरा कागद चिकटवल्यासारखं दिसेल. तसं करून बघितलं. अगदी तसंच दिसतं.

म्हणून शेवटच्या नोडवर `Color Space Transform`, इनपुट `S-Gamut3.Cine` आणि `S-Log3`, आउटपुट `Rec.709` आणि `Gamma 2.4`, टोन मॅपिंग `DaVinci`. हे रूपांतर उजळ भाग कापत नाही, हळूहळू वाकवून वरच्या टोकात बसवतं. मुकुटाचा बेगड पिवळा राहिला, त्यातल्या घड्या दिसतात.

मुद्दा क्रमाचा आहे. एक्सपोजर या रूपांतराच्या आधी. रूपांतरानंतर गेन वाढवला तर जे वाकवून १०२३ च्या खाली नीट बसवलंय तेच पुन्हा वर ढकललं जातं. लट, म्हणजे रंग बदलणारा तयार तक्ता, वापरणाऱ्यांसाठी हे आणखी कडक आहे. लट ० ते १०२३ च्या बाहेर आलेलं काहीही कापते. लटमध्ये शिरायच्या आधी १०२३ ओलांडलेली चमक लटनंतर कितीही गेन खाली घेतला तरी परत येत नाही, फक्त करडी होते. लटच्या आधीच्या नोडमध्ये तीच सहज खाली येते, कारण रिझॉल्व्ह आत ३२ बिट फ्लोटमध्ये काम करतो. जळलंय की नाही याची परीक्षा हीच: आधीच्या नोडमध्ये गेन खाली घ्या. वरची सपाट रेघ सपाटच खाली आली तर कॅमेऱ्यात जळलंय. पसरून आत तपशील दिसायला लागला तर ती तुमच्याच नोडमध्ये कापली जात होती.

आणखी एक गोष्ट परेडमध्ये दिसली. सरस्वतीच्या प्रवेशात लाल शालू. लुमाचा वेव्हफॉर्म निवांत, ७०० च्या खाली, पण लाल चॅनेल वर टेकलेला. नुसता लुमा बघितला तर सगळं ठीक वाटतं आणि शालूची जर मात्र सपाट लाल पट्टी होते. त्या शॉटला लाल गेन किंचित खाली आणि `Hue vs Sat` मध्ये फक्त लालाचं सॅच्युरेशन थोडं कमी. लाल वरून सुटला, जर परत वेगळी झाली.

११ जानेवारी

दिग्दर्शिका आली, बरोबर तिचे मामा. मामा त्या रात्री पेटीवर होते. दोन स्टॉपवाली आवृत्ती लावली.

तिने बघितलं आणि म्हणाली, "दादा, हे दिवसा केल्यासारखं वाटतंय. मंडपातल्या ट्यूबलाइटमध्ये."

मामांनी सरळच सांगितलं, "संकासूर काळो दिसूक व्हयो. हो राखाडी दिसता."

दोघांचं बरोबर होतं. दोन स्टॉप हा मोजमापाचा आकडा आहे. त्या रात्री रंगमंचावर पांढरं धोतर ५९८ च्या लायकीचं नव्हतंच, दिवेच तेवढे नव्हते. प्रेक्षकांनी जे बघितलं त्यात धोतर मळकट पिवळं होतं आणि अंगरखा जवळजवळ अंधारात मिसळलेला. फक्त डोळ्यांच्या कडा आणि जीभ पुढे यायची. मामा म्हणाले, "लहान पोरां भियायची ती ह्याकाच."

गेन ४.०० वरून २.८३ केला, म्हणजे दीड स्टॉप. धोतर ५५९ च्या आसपास. अंगरखा २३८. चेहरे अजून नीट वाचता येतात. नॉइज अर्ध्या स्टॉपाने कमी झाला तो फुकटचा फायदा.

१२ जानेवारी

अंगरख्यासाठी कर्व्ह. एक्सपोजरच्या नोडनंतर, रूपांतराच्या आधी. खाली ९५ चा बिंदू पक्का, वर ३३० जवळ एक पक्का, म्हणजे चेहऱ्यांना धक्का नको. मधे २३८ चा बिंदू २०५ पर्यंत खाली.

इथे दम धरावा लागतो. अंगरख्याच्या चुण्या वेव्हफॉर्ममध्ये १५० ते २६० च्या मध्ये पसरलेल्या आहेत. बिंदू १७० पर्यंत ओढला तर त्या भागातला वक्र जवळजवळ आडवा पडतो आणि चुण्या एकाच रेषेत गोळा होतात. क्रश म्हणजे हेच. काळा किती खाली आहे हा प्रश्न नाही, त्या पट्ट्यात वक्राला चढ उरलाय का हा आहे. २०५ वर चुण्या वेगळ्या दिसतात, मॉनिटरवर थोडं झुकून बघावं लागतं, पण दिसतात. तो वाकून उडी मारतो तेव्हा पाठीवरची घडी उघडते, ती दिसायलाच हवी. नाहीतर काळा डबा उड्या मारतोय असं वाटतं.

सॉफ्ट क्लिपचा `Low` वापरून बघितला. तो तळच हलवतो. इथे नको. तळ आधीच बरोबर जागेवर आहे.

आता रंगीत नॉइजचा उरलेला भाग. `Lum vs Sat` मध्ये अंधाराकडचं सॅच्युरेशन खाली आणतात, अंधारातले ठिपके करडे होतात आणि डोळ्यांना टोचत नाहीत. चांगली युक्ती आहे, पण जीभ मधे आली. जिभेचा लाल चॅनेल ३८० च्या आसपास, हिरवा-निळा २०० च्या खाली. लाल रंगाचं लुमातलं वजन कमी, त्यामुळे जीभ लुमाच्या हिशेबात फारशी उजळ नाही. `Lum vs Sat` चा उतार जरा उशिरा संपला की जीभ तपकिरी. उतार लवकर संपवला, अगदी तळाशी. जीभ वाचली. अंगरख्याच्या कडेला थोडे निळे ठिपके राहिले. ते राहू दे. ठिपके घालवून जीभ गमवायची नाही.

अंगरखा अजून किंचित जांभळट वाटत होता. नोड बंद-चालू करून बघितलं. जांभळटपणा मूळ फाइलमध्येही आहे, फक्त अंधारात दिसत नव्हता. परेडमध्ये हिरव्याचा तळ बाकी दोघांपेक्षा खाली. चॅनेलचा तळ जुळवायचा तर इथे लिफ्ट योग्य. लिफ्टचा खरा उपयोग हाच, तळ जुळवणं. लिफ्टचा हिरवा अगदी दोन-तीन हजारांश वर. तेवढ्यात काळा काळा झाला. ऑफसेटने हिरवा वाढवला असता तर चेहरेही हिरवट झाले असते.

१४ जानेवारी

सुट्टी. तिळगूळ. नोंद नाही.

१५ जानेवारी

दुसरा कॅमेरा. पेटी, पखवाज, झांज. ८ बिट, रेक ७०९.

हाही साधारण दोन स्टॉप अंडर. नीट एक्सपोज केलेला चेहरा रेक ७०९ मध्ये साधारण ६० टक्क्यांवर असतो. दोन स्टॉप खाली म्हणजे २८ टक्के. ८ बिटच्या व्हिडिओ पट्टीत काळा १६ आणि पांढरा २३५, म्हणजे सगळ्यात खालपासून चेहऱ्यापर्यंत जेमतेम ६० पायऱ्या. दोन स्टॉप वर नेले की त्याच ६० पायऱ्या १३० च्या जागेत पसरतात. मधल्या पायऱ्या अस्तित्वातच नाहीत. हिस्टोग्राममध्ये कंगव्यासारख्या फटी दिसल्या आणि मंडपाच्या कापडावर, जिथे प्रकाश हळूहळू मावळतो, तिथे पट्टे. मुख्य कॅमेऱ्याच्या १० बिटमध्ये हेच चौपट पायऱ्यांवर चाललंय आणि लॉगमुळे अंधाराला जास्त पायऱ्या मिळाल्यात. दोन स्टॉपमधला फरक तिथे का सहन झाला आणि इथे का नाही, ते यावरून कळतं.

क्रोमाचं तर आणखी वाईट. ४:२:० मध्ये रंग चौथ्या हिश्श्याच्या रेझोल्यूशनचा, आणि कॅमेऱ्याच्या कॉम्प्रेशनने अंधारातला रंग मोठ्या चौकोनी ठिगळांत दाबलाय. उजळवलं की ठिगळं वर येतात. टेम्पोरल नॉइज रिडक्शन त्यांना नॉइज समजतच नाही, कारण ती फ्रेममागून फ्रेम तशीच असतात.

पद्धत तीच: आधी `Color Space Transform` ने `Rec.709` वरून `S-Gamut3.Cine/S-Log3` मध्ये, मग लिनियर गेन. पण मर्यादा एक स्टॉप, गेन २.००. त्यापुढे कापडावर पट्टे. वरच्या टोकालाही सावध राहायला लागलं. या प्रोफाइलमध्ये एलईडी आणि पेटीच्या पितळी बटणांवरची चमक कॅमेऱ्यातच पांढरी झाली होती. तिथे लॉगसारखा राखीव भाग नाही. टोन मॅपिंगने ती फक्त किंचित करडी केली. ती करडी पांढरी बघून कोणी फसू नये, आत काही नाही.

मग उलट दिशेने जुळवलं. दुसऱ्या कॅमेऱ्याला मुख्य कॅमेऱ्यापर्यंत ओढण्यापेक्षा पेटीच्या शॉटला लागून येणारे मुख्य कॅमेऱ्याचे शॉट अर्धा स्टॉप खाली घेतले. तरी थोडा फरक राहिला. वादकांची बाजू रंगमंचापेक्षा अंधारी असतेच, तो फरक खरा वाटतो.

पट्ट्यांवर शेवटचा उपाय दाणा. `Film Grain` हलका, अंधाराकडे जास्त. पट्ट्याची कड मोडते, डोळा एक रेघ धरत नाही. पट्टा जात नाही, लपतो. मुख्य कॅमेऱ्याच्या नॉइजशी दाणा जुळला पाहिजे, नाहीतर कट कळतो. त्याच्यावर लढाईच्या सीनपेक्षा जास्त वेळ गेला.

१७ जानेवारी

सगळं सलग बघितलं, खोली अंधारी करून. दिवसा उजेडात ग्रेड केलेलं रात्रीचं फुटेज रात्री बघितलं की फार उजळ वाटतं, हे ठाऊक असूनही दोन शॉट तसे निघाले. एक पहाटेचा, पाटी फिरवतात तो. तिथे मागे आकाश फिकट व्हायला लागलंय. मोजमापाने हा शॉट एकच स्टॉप अंडर होता, कारण प्रकाश वाढलेला, पण मी बाकीच्यांसारखेच दीड दिले होते. आकाशाचा निळा पांढरट झाला होता. गेन १.८ ला आणला. आकाश निळसर परतलं आणि माणसांचे चेहरे काळवंडले. पॉवर विंडोने पुढच्या तिघांना अर्धा स्टॉप. विंडोच्या कडा भरपूर सॉफ्ट, आणि विंडोच्या आतही लिनियर नोडच, नाहीतर कातडीचा रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा लागतो.

१९ जानेवारी

मास्टर `DNxHR HQX`, १० बिट. यूट्यूबसाठीची वेगळी फाइल एच.२६४, ८ बिट. ती टाकायच्या आधी लॅपटॉपवर आणि फोनवर बघितली. अंधारातले पट्टे इथे परत डोकावतात, कारण १० बिटमधले मधले टप्पे पुन्हा ८ मध्ये कोंबले जातात. दाणा इथेही कामाला येतो, पण बिटरेट कमी ठेवला तर कॉम्प्रेशन पहिल्यांदा दाणाच खातं. बिटरेट वाढवला.

मामांना फोनवर संकासुराचा प्रवेश पाठवला. उत्तर आलं, "आता काळो आसा. जीभ पण दिसता." खाली दुसरा मेसेज: पेटीच्या बाजूला आमचे चेहरे एवढे काळोखात का?

त्यांना कळवलं की तिकडे एवढंच निघतंय. दिग्दर्शिकेला सुचवलंय की वादकांचा लांब कट थोडा आखडता घ्यावा आणि मुख्य कॅमेऱ्याच्या वाइडमधून पखवाजवाल्यांचा भाग क्रॉप करून वापरावा. ४के मधून १०८० ला जागा आहे, आणि ते १० बिट आहे. ती एडिट बघून सोमवारी सांगेल.